'नाही' या उत्तराची कमाई

पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुकापूर येथे आमचे एक नातलग राहतात. त्यांची नऊ वर्षांची कन्या वर्गात नेहमी पहिली येते. तरीही घरच्यांना तिची चिंता वाटते. एखादे अक्षर वाकडे आले की ती कागद फाटेपर्यंत खोडत बसते. उत्तराची खात्री नसेल तर उदाहरण कोरेच सोडते. चुकण्यापेक्षा न लिहिणे तिला सुरक्षित वाटते. अशा मुलांना 'चूक झाली तरी चालेल' असे कितीही सांगितले तरी ते पटत नाही. चूक खरोखर उपयोगी पडते, हे त्यांच्या अनुभवास यावे लागते. त्यासाठी एक जुना खेळ फार चांगला आहे.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे 2, 4, 6 हे तीन अंक ठेवले. हे अंक एका गुप्त नियमाने निवडले होते. विद्यार्थ्यांनी स्वतः तीन-तीन अंक सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढेच त्यांना सांगितले जाई. खात्री पटली की नियम जाहीर करायचा. 29 जणांपैकी केवळ 6 जणांनी पहिल्याच वेळी अचूक नियम सांगितला. पुष्कळांनी आपल्या कल्पनेत बसणारेच अंक सुचवले होते आणि म्हणून त्यांना 'होय' हेच उत्तर पुनःपुन्हा मिळत गेले.

सुकापूरच्या घरी एका रविवारी वडिलांनी हाच खेळ मांडला. मुलीने 8, 10, 12 लिहिले; उत्तर 'होय'. मग 20, 22, 24, पुन्हा 'होय'. तिने ऐटीत सांगितले, "दोन-दोन मिळवत जायचे." वडील म्हणाले, "नाही." तिने वही मिटली.

तेव्हा वडिलांनी वाटीभर राजमा आणला आणि नवा करार केला. प्रत्येक वेळी अंकांशेजारी 'होय' येईल की 'नाही', हा स्वतःचा अंदाज आधी लिहायचा. अंदाज बरोबर ठरला तर काही मिळणार नाही. तो चुकला आणि त्यातून काय कळले हे तिने एका वाक्यात सांगितले, तर राजम्याचा एक दाणा तिचा.

थोडा वेळ कुरकुर करून तिने 1, 3, 5 लिहिले व शेजारी 'नाही' असा अंदाज मांडला. उत्तर आले 'होय'. "म्हणजे सम अंकच पाहिजेत असे नाही," ती म्हणाली. पहिला दाणा मिळाला. मग 1, 2, 3. अंदाज 'नाही', उत्तर 'होय'. "दोनचे अंतरही लागत नाही." दुसरा दाणा. 6, 4, 2 लिहून तिने 'होय' म्हटले; उत्तर 'नाही'. "उलटे चालत नाही!" तिसरा दाणा. शेवटी 5, 5, 5 ला 'नाही' आणि 1, 50, 1000 ला 'होय' हे दोन्ही अंदाज बरोबर ठरले. नियम उलगडला: प्रत्येक अंक आधीच्यापेक्षा मोठा. बरोबर अंदाजांनी तिची खात्री झाली खरी, परंतु मार्ग दाखवला तो तीन चुकलेल्या अंदाजांनी.

खेळ कोठे बिघडतो, हेही जाणून घ्यावे. घड्याळ लावले किंवा भावंडांची शर्यत लावली की जुनी भीती परत येते. मूल दाण्यांसाठी मुद्दाम चुकीचा अंदाज लिहू लागले, तर 'काय कळले?' या प्रश्नावर ते अडते. म्हणूनच ते वाक्य आल्याशिवाय दाणा देऊ नये. खेळ संपल्यावर "किती हुशार आहेस!" असेही म्हणू नये. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले कठीण कोड्यांत अपयश येताच लवकर खचली. प्रयत्नांची स्तुती झालेली टिकून राहिली. "सम अंक सोडून पाहिलेस, तेथे वाट सापडली," असे नेमके सांगावे.

या खेळाने गुण वाढतील, अशी अपेक्षा मात्र धरू नये. अमेरिकेतील नववीच्या हजारो विद्यार्थ्यांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बुद्धी प्रयत्नाने वाढते हे शिकवणाऱ्या छोट्या पाठांमुळे अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या गुणांत थोडीशीच वाढ दिसली. आपण पाहायचे ते वेगळेच: चूक झाल्यानंतर मूल पुन्हा पेन्सिल उचलायला किती वेळ घेते? कोरी सोडलेली उदाहरणे कमी होतात का? आणि चुकण्याच्या भीतीने झोप, जेवण किंवा शाळेत जाणेच बिघडले असेल, तर खेळावर न विसंबता समुपदेशकांचा सल्ला घ्यावा.

आपल्या पेढ्यांवर कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवण्याची रीत होती. कच्च्या वहीत खाडाखोड होई आणि त्याची कोणालाही लाज वाटत नसे. सुकापूरच्या मुलीला वडिलांनी आता गणितासाठी अशीच एक कच्ची वही दिली आहे. तिच्यात खोडरबर वापरायचे नाही. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारायची आणि शेजारी काय कळले ते लिहायचे. पहिल्या पानावर अशा चार रेघा आहेत. कोरे सोडलेले उदाहरण मात्र एकही नाही.