पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवा

गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं आणि त्यांच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात. नेमका तेव्हाच मुलीचा ऑनलाइन तास अडखळतो. यावर उपाय राउटरमध्येच असतो: ‘Guest Network’. ते सुरू करून वेगळं नाव आणि पासवर्ड दिला, की पाहुणे घरच्या संगणकापासून दूर राहतात.

पण एवढ्याने वेग वाचत नाही, कारण दोन्ही नेटवर्कांची लाइन एकच असते. म्हणून ‘Bandwidth Control’ची सोय असेल तर मर्यादा घाला. लाइन १०० एमबीपीएसची असेल, तर पाहुण्यांना डाउनलोड ३० आणि अपलोड २० पुरे. मग त्या नेटवर्कवरून स्पीड टेस्ट करा. आकडा तिशीच्या वर गेला, तर मर्यादा लागू झालेली नाही.

स्मार्ट बल्ब, प्लगही इथेच जोडा. त्यांतले बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे गेस्ट नेटवर्कचा तो बँड चालू हवा. प्रिंटर आणि फोनवरून व्हिडिओ पाठवायचा टीव्ही मात्र मुख्य नेटवर्कवरच ठेवा. नाहीतर घरच्या फोनला ते सापडणार नाहीत.