बावन्न नंबर का सापडत नाही?

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सत्र संपत आलं की राइट-अप, सबमिशन आणि ओरल यांची घाई सुरू होते. अशाच दिवसांत दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने असाइनमेंटच्या कागदांना जोडून एक चिठ्ठी दिली. “मॅडम, बायनरी सर्चचं स्पष्टीकरण मी स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. बाकीच्यांचं वेगळं दिसतंय, म्हणून शंका येते. माझं बरोबर आहे का, हे सबमिशनआधी एकदा बघाल का?”

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर बायनरी सर्च बरोबर असते म्हणजे नक्की काय असतं, हे उलगडून बघावं लागतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रयोगशाळेला हा प्रयोग होता. प्रशिक्षणाला हजर असलेल्या विद्यार्थ्यांचे रोल नंबर क्रमाने साठवायचे आणि एखादा विद्यार्थी हजर होता का, हे पायथॉनमध्ये शोधायचं. विद्यार्थिनीने आठ नंबर घेतले होते: 4, 9, 15, 21, 28, 33, 47, 52. तिचं स्पष्टीकरण असं होतं:

“यादी चढत्या क्रमाने हवी. मधला नंबर बघायचा. तोच हवा असेल तर काम झालं. हवा असलेला नंबर मोठा असेल तर उजवा अर्धा घ्यायचा, लहान असेल तर डावा. दर वेळी यादी अर्धी होते, म्हणून आठ नंबरांत जास्तीत जास्त तीन वेळा बघावं लागतं. नंबर नसेल तर शेवटी -1 मिळतं.”

वाचताना कुठे अडत नाही. पाठ्यपुस्तकात साधारण असंच लिहिलेलं असतं. खाली तिचा प्रोग्रॅम होता:

```python
def search(a, x):
    low, high = 0, len(a) - 1
    while low <= high:
        mid = (low + high) // 2
        if a[mid] == x:
            return mid
        elif a[mid] < x:
            low = mid
        else:
            high = mid
    return -1
```

सात सापडतात, आठवा नाही

या प्रोग्रॅमला 33 शोधायला सांगा. सुरुवातीला low शून्यावर आणि high सातवर आहे, कारण पायथॉनमध्ये जागा शून्यापासून मोजतात. मधली जागा तीन, तिथे 21 आहे. 33 मोठा, म्हणून low तीनवर येतो. आता मधली जागा पाच आणि तिथे 33 आहे. सापडला. याच रीतीने 4, 9, 15, 21, 28 आणि 47 हेही सापडतात. दोन-चार नंबर देऊन बघणाऱ्याला प्रोग्रॅम बरोबरच वाटेल.

आता 52 शोधा. low आधी तीनवर जातो, मग पाचवर, मग सहावर. high सातवरच आहे. सहा आणि सात यांची बेरीज तेरा, तिचा अर्धा भाग पायथॉन खालच्या पूर्णांकाकडे नेतो, म्हणून मधली जागा पुन्हा सहा. तिथे 47 आहे, तो 52पेक्षा लहान, म्हणून low पुन्हा सहावर ठेवला जातो. तो तिथेच होता. पुढच्या फेरीत हेच घडतं आणि त्याच्या पुढच्या फेरीतही हेच. प्रोग्रॅम कधीच थांबत नाही.

यादीत नसलेला कुठलाही नंबर दिला तरी असंच होतं. 30 दिला की शोध चौथ्या आणि पाचव्या जागांमध्ये अडकतो, 2 दिला की शून्याव्या जागेवर. म्हणजे “नंबर नसेल तर शेवटी -1 मिळतं” हे तिचं वाक्य तिच्याच प्रोग्रॅममध्ये खरं ठरत नाही, कारण तो शेवट येतच नाही.

या चुकीचं मूळ “उजवा अर्धा घ्यायचा” या शब्दांत आहे. मधला नंबर आपण नुकताच बघितला. तो उजव्या अर्ध्यात धरायचा की सोडायचा, हे स्पष्टीकरणात लिहिलेलं नाही. वाक्य मोघम राहिलं आणि प्रोग्रॅममध्ये mid आतच राहिला. बघून नाकारलेला नंबर पुन्हा यादीत ठेवण्याचं काही कारण नाही. म्हणून `low = mid + 1` आणि `high = mid - 1` असं हवं.

दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात

बायनरी सर्च बरोबर आहे असं म्हणायचं, तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली अशी: हवा असलेला नंबर यादीत असेलच, तर तो low ते high या पट्ट्यातच आहे. सुरुवातीला हे उघडच खरं आहे, कारण पट्टा म्हणजे सगळी यादी. दर फेरीनंतरही ते खरं राहतं, आणि त्याचं कारण क्रम. मधला नंबर लहान निघाला, तर त्याच्या डावीकडचे सगळे त्याहूनही लहान, म्हणून मधल्यासकट तेवढे सगळे निर्धास्तपणे सोडता येतात.

दुसरी गोष्ट अशी: दर फेरीत पट्टा निदान एका जागेने तरी आखडला पाहिजे. तसं झालं तर एक तर नंबर सापडेल, नाहीतर पट्टा रिकामा होईल. आणि पट्टा रिकामा झाला की पहिल्या गोष्टीवरून नंबर यादीत नाही, हे सिद्धच झालं. -1 म्हणायचा अधिकार तिथे मिळतो.

विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅममध्ये पहिली गोष्ट शाबूत आहे. तो खोटं उत्तर कधीच देत नाही. तुटली आहे ती दुसरी, म्हणून काही वेळा उत्तरच येत नाही.

याच्या उलट चूकही वर्गात दिसते. `mid + 1` आणि `mid - 1` बरोबर लिहिलेलं असतं, पण वर `while low <= high` ऐवजी `while low < high` लिहिलेलं असतं. मग पट्ट्यात एकच जागा उरली की फेरी थांबते आणि ती जागा न बघताच -1 येतं. आपल्या यादीत असा प्रोग्रॅम 4, 15, 28 आणि 52 हे चार हजर विद्यार्थी गैरहजर ठरवतो. तो अडकत नाही, पण चुकीचं उत्तर देतो. अडकलेला प्रोग्रॅम लगेच लक्षात येतो. चुकीचं उत्तर मात्र खपून जातं, म्हणून ही चूक जास्त घातक.

तीन नव्हे, चार

तिच्या स्पष्टीकरणातली दुसरी चूक हिशेबाची आहे. आठचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक, म्हणून तीन वेळा, असं तिने मोजलं. पण एक उरला तरी तो हवा असलेलाच आहे का, हे बघायचं राहतंच. दुरुस्त प्रोग्रॅममध्ये 52चा माग काढा: 21 बघितला, मग 33, मग 47, मग 52. चार वेळा बघावं लागलं.

योग्य हिशेब उलटीकडून सोपा जातो. एकदा बघून एका नंबराची यादी निकालात निघते. दोनदा बघायची मुभा असेल तर मधला एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन. तीनदा असेल तर मधला एक आणि दोन्हीकडे तीन-तीन, असे सात. चारदा बघून पंधरा. म्हणजे आठ नंबर तीनमध्ये बसत नाहीत, सातच बसतात. याच हिशेबाने एक लाख नंबरांना जास्तीत जास्त 17 वेळा आणि एक कोटीला 24 वेळा बघावं लागतं.

जाणत्यांनाही चकवणारी पद्धत

आपली बायनरी सर्च बरोबर आहे का, ही शंका फक्त दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पडते असं नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवल्याप्रमाणे बायनरी सर्चचा पहिला छापील उल्लेख 1946चा, जॉन मॉकली यांचा. पण कुठल्याही लांबीच्या यादीसाठी बरोबर चालणारी पद्धत छापून यायला साठचं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन बेंटली यांनी नव्या पीएचडी विद्यार्थ्यांना वर्गातच बायनरी सर्च लिहायला सांगितली, तेव्हा बहुतेकांची चुकली. त्या वर्गात बसलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी पुढे जावाच्या अधिकृत लायब्ररीतली बायनरी सर्च लिहिली. 2006च्या जूनमध्ये त्यांनीच जाहीर केलं की तीत सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती.

ती चूक `(low + high) / 2` या बेरजेत होती. जावात अशा पूर्णांकाची कमाल मर्यादा 2,147,483,647 आहे, म्हणजे साधारण 214 कोटी. यादीत शंभर कोटींहून थोड्या जास्त नोंदी असल्या, तरी ही बेरीज मर्यादा ओलांडू शकते; तेव्हा उत्तर उणे येतं आणि मधली जागा यादीच्या बाहेर पडते. त्यावर उपाय `low + (high - low) / 2` असं लिहिण्याचा. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, म्हणून या विद्यार्थिनीची बेरीज जशी आहे तशी चालेल. सी++मध्ये साधे `int` वापरून हाच प्रयोग लिहिला, तर मात्र ही काळजी घ्यायला हवी.

स्वतःच कसं ताळून पाहावं

प्रत्येक वेळी शिक्षकांकडे जावं लागू नये, अशी एक चाचणी आहे. यादीतला प्रत्येक नंबर शोधून बघायचा. मग प्रत्येक दोन नंबरांच्या मधला, पहिल्याहून लहान आणि शेवटच्याहून मोठा, असे नसलेले नंबर शोधायचे. आठ नंबरांच्या यादीला या सतरा चाचण्या होतात. त्यानंतर एकच नंबर असलेली यादी आणि पूर्ण रिकामी यादी द्यायची. वर सांगितलेल्या अडकण्याच्या आणि नंबर निसटण्याच्या दोन्ही चुका यात पकडल्या जातात.

एक गोष्ट मात्र या चाचणीतून दिसत नाही, आणि ती विद्यार्थिनीने पहिल्याच वाक्यात बरोबर लिहिली आहे: यादी चढत्या क्रमाने हवी. याच यादीत 9 आणि 47 यांची अदलाबदल करा आणि 9 शोधा. मधल्या 21पेक्षा 9 लहान, म्हणून शोध डावीकडे जातो; 9 तर उजवीकडे आहे. उत्तर येतं -1. क्रम नसलेल्या यादीत “सापडला” हे उत्तर तरीही खरं असतं, कारण तो नंबर प्रत्यक्ष बघितलेला असतो. “नाही” या उत्तराला मात्र काही किंमत उरत नाही. शोधण्याआधी दर वेळी क्रम तपासावा म्हटलं तर सगळी यादी वाचावी लागते आणि बायनरी सर्चचा फायदाच संपतो. म्हणून क्रम राखण्याची जबाबदारी यादी भरणाऱ्याची.

विद्यार्थिनीला मी राइट-अपमध्ये दोन वाक्यं बदलायला सांगितली. “उजवा अर्धा घ्यायचा” ऐवजी “मधला नंबर सोडून उजवीकडचे नंबर घ्यायचे, आणि डावीकडेही तसंच.” आणि तीनच्या जागी “आठ नंबरांत जास्तीत जास्त चार वेळा.” शिवाय एक वाक्य वाढवायला सांगितलं: “पट्टा रिकामा झाला तर नंबर यादीत नाही, कारण सोडलेल्या प्रत्येक भागात तो असूच शकत नव्हता.” ओरलला परीक्षकांनी “-1 का?” असं विचारलं, तर हेच वाक्य उत्तर म्हणून पुरेसं आहे.