खोलीतले हवामान आणि रेशमाचा धागा
अळीच्या प्रत्येक अवस्थेला वेगळी ऊब व वेगळा ओलावा का लागतो?

डिलाईल रोडच्या गिरण्यांत ज्यांनी काम केले किंवा ज्यांच्या घरातील वडीलधारे तेथे लूमवर उभे राहिले, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटते. म्हणून विणकाम खात्यात फवाऱ्याने हवा दमट ठेवली जाई आणि भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असत. एकाच्या टोकाला ओले फडके बांधलेले, दुसरा कोरडा. दोन्ही आकड्यांतला फरक पाहून हवेत किती ओल आहे हे समजत असे. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण तेच दोन थर्मामीटर आज बीड व जालना जिल्ह्यांतील रेशीम शेतकऱ्यांच्या शेडमध्ये टांगलेले दिसतात. फरक इतकाच की गिरणीत हवा बिघडली तर सूत तुटे, येथे हवा बिघडली तर सूत तयार करणारा जीवच बिघडतो.

महाराष्ट्र सरकारने 1997 मध्ये रेशीम संचालनालय स्थापन करून त्याचे मुख्यालय नागपूरला ठेवले. 2018 मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली. आपल्यापैकी जे रेशमी सूत, पैठणी किंवा हिमरूच्या धंद्यात आहेत, त्यांच्या हाती येणाऱ्या मालाची प्रत अशाच एखाद्या शेडमधील 25-26 दिवसांत ठरते. त्या दिवसांत काय घडते ते समजून घेणे म्हणूनच फायद्याचे आहे.

अळीला स्वतःची ऊब नाही

माणसाचे अंग थंडीतही गरम राहते. रेशमाच्या अळीचे तसे नाही. खोलीची जी ऊब, जवळजवळ तीच तिच्या अंगाची. खोली थंड झाली की तिचे खाणे, पचन आणि वाढ मंदावते. 20 अंशांच्या खाली तर ती सुस्त पडते. खोली तापली की सारे भराभर चालते, अळी घाईने वाढते, पण अंगात रेशीम साठायला वेळ मिळत नाही आणि कोष हलका भरतो. 30 अंशांच्या वर तिची तब्येतच बिघडू लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. अळी वेगळे पाणी पीत नाही. तुतीच्या पानात जे पाणी असेल तेच तिचे पाणी. पान सुकले तर ती उपाशीही राहते आणि तहानलेलीही. पुढचा सगळा हिशेब या दोन गोष्टींवर उभा आहे.

लहानपणी दमट हवा

अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते, म्हणून तिच्या पाच अवस्था मानतात. पहिल्या दोन अवस्थांना धंद्याच्या भाषेत चॉकी म्हणतात. या वेळी खोलीत 27 ते 28 अंश ऊब आणि 85 ते 90 टक्के आर्द्रता ठेवतात. दोन थर्मामीटरच्या भाषेत सांगायचे तर कोरडा 27 दाखवत असेल तेव्हा ओला 25 किंवा त्याहून थोडा वर असावा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त नको.

इतकी ओल कशासाठी? नुकतीच निघालेली अळी मुंगीएवढी असते. तिला कोवळी पाने बारीक चिरून घालावी लागतात आणि चिरलेले पान कोरड्या हवेत तासा-दोन तासांत वाळते. शिवाय लहान जीवाचे अंग वजनाच्या मानाने जास्त उघडे असते, त्यामुळे अंगातली ओल लवकर उडते. म्हणून चॉकीच्या ट्रेवर खाली-वर मेणकागद घालतात आणि कडेने ओल्या फोमच्या पट्ट्या ठेवतात. या वयात अळीला ऊब व दमटपणा दोन्ही सोसतात.

येथे ओल कमी पडली तर लगेच मरतूक दिसत नाही, हाच धोका. काही अळ्यांना ओले पान मिळते, काहींना वाळलेले. चार दिवसांनी एकाच ट्रेमध्ये लहान-मोठ्या अळ्या दिसू लागतात. मग काही कातेवर बसतात तेव्हा काही खात असतात आणि ही विषमता शेवटपर्यंत राहते.

मोठेपणी कोरडी हवा

तिसऱ्या अवस्थेत ऊब 26 आणि आर्द्रता 80 टक्के, चौथीत 25 आणि 75 टक्के, पाचवीत 24 अंश आणि 70 टक्के, अशी उतरती पायरी असते. थर्मामीटरमधला फरक तसाच चढत जातो. तिसरीत अडीच, चौथीत तीन ते साडेतीन, पाचवीत सुमारे चार अंश.

ही पायरी उलट का उतरते ते नीट पाहावे. अंड्यातून निघालेली अळी शेवटी जवळजवळ दहा हजार पट जड होते. एकूण पाल्यापैकी पाचातले चार भाग ती एकट्या पाचव्या अवस्थेत खाते. इतके खाल्ल्यावर तिच्या अंगात पाणी फार साठते आणि ते तिला बाहेर टाकायचे असते. हवा आधीच ओलीने भरलेली असेल तर अंगातील ओल बाहेर पडत नाही आणि अंगाची उष्णताही निघत नाही. त्यात शेकडो किलो ओला पाला, विष्ठा आणि हजारो अळ्यांचा श्वास यांनी खोली आपोआप दमट होते. म्हणजे लहानपणी ओल बाहेरून द्यावी लागते आणि मोठेपणी आत तयार झालेली ओल बाहेर काढावी लागते. खिडक्या, जाळ्या आणि हवेचा झोत यांचे महत्त्व याच आठवड्यात सर्वांत जास्त.

चुकल्यास खुणा स्पष्ट असतात. थंड व दमट हवेत बुरशी लागून अळी कडक होते आणि खडूसारखी पांढरी पडते. गरम, दमट व कोंदट हवेत अळी ढिली पडते, काळवंडते आणि दुर्गंधी सुटते. ऊब एकदम वर-खाली होत राहिली तर विषाणूच्या रोगाला जोर मिळतो. अंग सुजून चकाकते, अळी ट्रेच्या कडेने अस्वस्थ फिरते आणि कातडी फाटून दुधासारखे पाणी गळते.

प्रत्येक कातेच्या वेळी मात्र वय कोणतेही असो, खोली थोडी कोरडी करतात. अळी एक दिवस न खाता स्थिर बसते. मेणकागद काढून वरून चुन्याची पूड भुरभुरतात, म्हणजे उरलेला पाला वाळतो. असे न केले तर आधी उठलेल्या अळ्या ओला पाला खायला लागतात आणि मागच्या मागेच राहतात. शिवाय ओल्या पाल्यात रोगाला जागा मिळते.

धागा कोठे बिघडतो?

आपल्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ शेवटचे दोन-तीन दिवस. पिकलेल्या अळ्या चंद्रिकेवर सोडतात आणि त्या कोष विणू लागतात. येथे 22 ते 25 अंश आणि 60 ते 65 टक्के आर्द्रता हवी. कोरडा थर्मामीटर 24 असेल तर ओला 19 च्या आसपास, म्हणजे फरक पाच अंश.

अळीच्या तोंडातून निघणारी तार ओल्या डिंकात भिजलेली असते. ती तार एकावर एक आडवी-उभी पडत जाते. हवा कोरडी असेल तर डिंक लगेच वाळतो आणि थर एकमेकांना हलकेच चिकटतात. हवा दमट असेल तर डिंक ओला राहतो, जेथे तार तारेवर पडली तेथे घट्ट जोड बसतो. पुढे गरम पाण्यात कोष उकलताना तार त्या जोडावर अडते आणि तुटते. चांगल्या दुबार कोषात हजार मीटरच्या आसपास एकसलग तार असते, पण ती पुन्हा पुन्हा तुटली तर रीलवाल्याचा वेळ जातो, कचरा वाढतो आणि सुतात गाठी येतात. त्याच गाठी मागावर तुमच्या हाताला लागतात. त्यातच कोष विणण्याआधी प्रत्येक अळी अंगातले पाणी मूत्रावाटे टाकते, त्यामुळे चंद्रिका कोंदट जागी असेल तर ओल अधिकच वाढते.

कूलर आणि शेगडीचा हिशेब

पुष्कळांची फसगत येथे होते. ऊब आणि ओल या दोन दोऱ्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक ओढली की दुसरी हलते.

मराठवाड्यातली मे महिन्याची दुपार घ्या. बाहेर 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के. चांगला कूलर लावला तर आत येणारी हवा 26 अंशांपर्यंत उतरते आणि तिची आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर जाते. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या अळीला हे चालते. पण त्याच शेडमध्ये कोष बांधणे सुरू असेल तर ही हवा जास्त ओली आहे. तेथे कूलर दुपारच्या कडक तासांपुरताच चालवावा, समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि छपरावर पाचट व वर सावलीची जाळी घालून उन्हाचा मारा बाहेरच अडवावा.

पावसाळ्यात बाहेर 30 अंश आणि 80 टक्के असेल तर तोच कूलर हवेला 27 च्या खाली नेऊ शकत नाही, उलट आर्द्रता 90 च्या पुढे नेतो. पाचव्या अवस्थेत तो बंदच हवा. पंखा, उघड्या जाळ्या, पातळ पसरलेल्या अळ्या आणि चुना हाच उपाय.

हिवाळ्याच्या रात्री उलटे होते. बाहेर 15 अंश व 60 टक्के असलेली हवा शेगडीने किंवा हीटरने 25 पर्यंत तापवली, तर हवेतले पाणी तेवढेच राहते, पण आर्द्रता साधारण 33 टक्क्यांवर येते. अळी उबेत असते आणि पान मात्र वाळते. म्हणून लहान अळ्यांच्या खोलीत शेगडीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवतात. कोळशाची शेगडी धूर गेल्यावरच आत घ्यावी आणि हवेला वाट ठेवावी, अळीसाठी आणि माणसासाठीही.

माल घेताना

कोष खरेदी करणाऱ्याने केवळ रंग पाहू नये. मूठभर कोष बोटांनी दाबावेत. चांगला कोष घट्ट लागतो, ढिल्या हवामानाचा कोष दबतो. डाग पडलेले आणि दोघींनी मिळून विणलेले कोष वेगळे काढावेत. घट्ट चिकटलेले थर मात्र बाहेरून दिसत नाहीत. त्यासाठी मोजके कोष उकळून तार किती वेळा तुटते ते पाहणे हाच खरा कस. आणि शेतकऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: चंद्रिकेवर अळ्या सोडल्या त्या तीन दिवसांत दोन थर्मामीटरमध्ये किती अंशांचा फरक होता? ज्याने तो लिहून ठेवला आहे, त्याच्या मालाला दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.