डब्यातले खत का चिघळते?

नेरूळच्या एका वाचक भगिनीने आपल्या बाल्कनीतल्या खताच्या डब्याचा फोटो आमच्याकडे पाठवला आणि सोबत एकच ओळ लिहिली : "वास सहन होत नाही, शेजारी कुरकुर करतात, बंद करू का?" असे फोटो आमच्याकडे अधूनमधून येतात. म्हणून या वेळी तो फोटो नीट वाचूया.

डबा 20 लिटरचा, प्लास्टिकचा, अर्धा भरलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. वर इफ्तारच्या कलिंगडाची आणि पपईची साले, खाली काळा चिकट थर. कडेला कोकोपीटची थोडी भुकटी दिसते, पण सुके पान एकही नाही. वास मात्र फोटोत येत नाही, म्हणून आम्ही दोन गोष्टी विचारल्या. वास कसला आहे? आणि डब्याला तळाशी भोके आहेत का? उत्तर आले : वास सडक्या अंड्यासारखा, आणि भोके नाहीत.

निदान इथेच झाले. कलिंगडाच्या सालीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. साल कुजू लागली की ते सुटते आणि तळाला साचते. कचऱ्याच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरली की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे जोर धरतात. सडक्या अंड्याचा किंवा आंबूस वास त्यांचा.

आता प्रश्न उरतो की कोकोपीट घालूनही असे का झाले. कोकोपीट पाणी शोषते, पण ते बारीक असते. ओल्या कचऱ्यात ते दबून बसते आणि हवेला वाट देत नाही. पाणी शोषणे आणि हवा खेळती ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला सुकी पाने, अंड्यांच्या ट्रेचे किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे असे जाडसर काहीतरी लागते. कोकोपीटची वीट घेतली असेल तर या कामासाठी ती पाण्यात भिजवायची नाही, कोरडीच कुस्करायची. भिजवलेले कोकोपीट आणखी पाणी काय शोषणार?

या डब्यावर उपाय असा. साचलेले पाणी आधी निथळून टाका. उरलेला माल जुन्या गोणपाटावर काढून गोळे फोडा आणि मोठ्या साली चिरा. डब्याच्या तळाला व बाजूंना पेन्सिल जाईल एवढी दहा-बारा भोके पाडा, खाली ताट ठेवा आणि डबा दोन विटांवर टेकवा. माल साधारण 10 लिटर असेल, तर त्यात 7 लिटर चुरलेली सुकी पाने आणि 3 लिटर कोरडे कोकोपीट मिसळा. मग मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर अजून सुके घाला. मूठ उघडताच माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडा. डब्यात पुन्हा भरताना दाबू नका, आणि तीन दिवस नवा कचरा घालू नका. तेवढ्यात वास मातीकडे वळू लागतो. नाही वळला तर डबा रिकामा करून पुन्हा मूठ दाबून पाहा.

पुढे रोजचा हिशेब सोपा आहे : एक वाटी ओला कचरा, त्यावर एक ते दीड वाटी सुका, आणि आठवड्यातून दोनदा तळापासून ढवळणे.

वास अंड्यासारखा नसून नाकाला झोंबणारा असेल, तर तो अमोनिया. अशा वेळी पाणी जास्त असेलच असे नाही, नत्र जास्त असते. मासळीचे धुवण, कोंबडीचे तुकडे, उरलेली डाळ हे त्याचे नेहमीचे कारण. त्यावर कागदाचे कपटे, सुकी पाने आणि थोडा लाकडाचा भुसा मिसळा. चुना मात्र टाकू नका. चुन्याने अमोनिया अधिकच सुटतो. बाल्कनीतला छोटा डबा पुरेसा तापत नाही, म्हणून मटणाची हाडे, चरबी, तळणीचे तेल आणि बकरी ईदच्या कुर्बानीचे अवशेष त्यात कधीच घालायचे नाहीत. ते पालिकेच्या व्यवस्थेकडेच द्यावेत.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कुजण्याचेच काम करते. अळ्या दिसल्या तर माल ओला आहे असे समजा आणि वर सुक्याचा जाड थर द्या.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्यात येते. तेव्हा ओला कचरा रोज निघतो, पण सुके पान मिळत नाही आणि हवाही ओलसर असते. देशी बदामाची पाने पावसाळ्याच्या कितीतरी आधी गळतात. ती तेव्हाच उन्हात वाळवून, चुरून, दोन गोण्या बांधून घरात कोरड्या जागी ठेवा. नेरूळच्या भगिनीलाही आम्ही हेच लिहिले : डबा बंद करू नका, आधी पानांची गोणी आणा.