कोणी विनातिकीट प्रवास केला? नाव न कळता आकडा काढायची युक्ती

ज्यांना गर्दीत इअरफोन लावायलाही हात मोकळा नसतो, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

सुरुवात माझ्याच एका खोट्यापासून करतो. मी बीटेकला होतो तेव्हा वर्गात एक फॉर्म वाटला गेला. त्यात प्रश्न होता, "गेल्या महिन्यात तुम्ही एकदा तरी लोकलने विनातिकीट प्रवास केलात का?" आणि फॉर्मच्या वर रोल नंबरची चौकट. त्याच आठवड्यात तिकीट खिडकीची रांग बघून मी उल्हासनगर ते अंबरनाथ तसाच गेलो होतो. एकच तर स्टेशन! पण फॉर्मवर मी "नाही" लिहिलं. शेजारच्यानेही "नाही" लिहिलं, आणि तो तर त्या दिवशी माझ्यासोबतच होता.

म्हणजे प्रश्न बरोबर असूनही उत्तरं कचरा. अशा नाजूक प्रश्नांसाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये एक पद्धत मांडली, रँडमाइज्ड रिस्पॉन्स. कल्पना अशी, की उत्तरात मुद्दामच थोडी भेसळ करायची, पण किती भेसळ केली ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. आपल्याकडेही यावर काम झालंय. अरिजित चौधुरी आणि राहुल मुखर्जी या दोन भारतीय संख्याशास्त्रज्ञांचं या विषयावरचं अख्खं पुस्तक 1988 मध्ये आलं. आज आपण या पद्धतीचा सगळ्यात सोपा, फाशाचा प्रकार बघू.

समजा, बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर स्टेशनांबाहेर मिळून आपण 180 जणांना तोच प्रश्न विचारतोय. प्रत्येकाच्या हातात लुडोचा फासा आणि एक डबा द्यायचा. त्याने डब्यात फासा टाकायचा, आकडा फक्त स्वतः बघायचा. 1 आला तर खरं काहीही असो, "हो" म्हणायचं. 6 आला तर काहीही असो, "नाही" म्हणायचं. 2, 3, 4 किंवा 5 आला तर खरं सांगायचं. आता कोणी "हो" म्हणाला तर तो विनातिकीट गेला होता की त्याला 1 पडला, हे समोरच्याला ठरवता येत नाही.

विचारणाऱ्याने कागदावर फक्त रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, म्हणजे पाचची एक जुडी. संध्याकाळी त्या कागदाचा फोटो ग्रुपवर येतो. फोटोत "हो" खाली 13 जुड्या आणि 1 सुटी रेघ, म्हणजे 66. "नाही" खाली 22 जुड्या आणि 4 रेघा, म्हणजे 114. बेरीज 180. (हे आकडे मी गणित नीट बसावं म्हणून घेतलेत, खऱ्या सर्व्हेचे नाहीत.)

आता भेसळ वजा करू. 180 जणांत फाशावर 1 साधारण 30 जणांना पडणार. म्हणजे 66 पैकी 30 "हो" फाशाचे, उरले 36. खरं सांगायची पाळी सहापैकी चार वेळा, म्हणजे 120 जणांवर आली. 36 भागिले 120, म्हणजे 30 टक्के. कोण गेलं ते आपल्याला माहीत नाही, पण साधारण किती गेले ते कळलं.

फोनवर पायथन चालत असेल तर हे करून बघा:

```python
n, yes = 180, 66
a = yes / n
p = (a - 1/6) / (4/6)
se = (a * (1 - a) / n) ** 0.5 / (4/6)
print(round(p, 3), round(se, 3))
```

उत्तर येतं `0.3 0.054`. दुसरा आकडा म्हणजे अंदाजाची चूक. तिच्या साधारण दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरायचं, म्हणजे खरा आकडा 19 ते 41 टक्क्यांमध्ये कुठेतरी. पट्टा मोठा आहे, बरोबर? हीच या पद्धतीची किंमत. सगळे खरं बोलले असते तर तेवढ्याच 180 जणांत चूक बरीच कमी आली असती. फासा वापरून तेवढीच अचूकता हवी असेल तर इथे सुमारे 450 माणसं लागतात. त्यामुळे वीस-पंचवीस जणांच्या मित्रमंडळात हा प्रयोग करून निष्कर्ष काढू नका.

फोटो वाचतानाही जपायला हवं. कागदाची कड दुमडली आणि एक जुडी दिसली नाही, तर 5 "हो" गेले. साध्या सर्व्हेत त्याने पावणेतीन टक्क्यांचा फरक पडला असता, इथे चार टक्क्यांहून जास्त पडतो, कारण आपण 180 ने नाही, 120 ने भागतो. म्हणून किती जणांनी फासा टाकला ते वेगळं मोजून ठेवायचं आणि फोटोतली बेरीज त्याच्याशी जुळवायची.

पण खरा धोका माणसांचा आहे. फाशावर 1 पडलेला, कायम पास काढणारा माणूस म्हणतो, "मी काय चोर आहे का? मी का हो म्हणू?" आणि तो "नाही" म्हणतो. असं 10 जणांनी केलं तर "हो" 56 वर येतात आणि आपला अंदाज 30 वरून थेट 22 टक्क्यांच्या आसपास घसरतो. कागदाकडे बघून हे कळतही नाही. "हो" 30 च्याही बरेच खाली गेले आणि उत्तर उणे आलं, तर मात्र समजा की फाशाचा नियम कोणी पाळलाच नाही.

याला एक उपाय आहे. त्याच फाशाने एक वेडा प्रश्न आधी विचारायचा, "गेल्या महिन्यात तुम्ही चंद्रावर जाऊन आलात का?" खरं "हो" इथे कोणाचंच नाही, त्यामुळे 180 मध्ये 30 च्या आसपास "हो" यायला हवेत, 20 ते 40 पर्यंत चालेल. 12 च आले तर लोक "हो" म्हणायला लाजतायत. नियम पुन्हा समजावा, मगच खरा प्रश्न विचारा.

शेवटची गोष्ट, जी सगळ्यात जास्त विसरली जाते. ही युक्ती म्हणजे पूर्ण पडदा नाही. आपल्या उदाहरणात 30 टक्के म्हणजे 54 जण विनातिकीट गेलेले. त्यातले 45 "हो" म्हणतील आणि न गेलेल्या 126 पैकी 21 जणही "हो" म्हणतील. म्हणजे 66 "हो" मधले 21 निर्दोष, पण 45 खरे. नावांसकट यादी असती तर "हो" वाल्यावरचा संशय 30 टक्क्यांवरून 68 वर गेला असता. आणि एकाच माणसाला तोच प्रश्न रोज विचारला तर महिन्याभरात फाशाचा पडदा विरून जातो. गूगलने 2014 मध्ये क्रोमसाठी याच कल्पनेवर `RAPPOR` बनवलं, तेव्हा म्हणूनच भेसळ केलेलं उत्तर एकदाच ठरवून फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायची सोय केली.

म्हणून कागदावर फक्त रेघा. नाव नाही, रोल नंबर नाही, उत्तरांचा क्रमही नाही. माझ्या त्या फॉर्मवर रोल नंबरच्या चौकटीऐवजी एक फासा असता, तर 1 ते 5 मधलं काहीही पडलं असतं तरी मी "हो" म्हणालो असतो. आणि ते खरं होतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तिकीट काढा, रांग मोठी असली तरी!