सकाळी सुजणाऱ्या पापण्या

पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातडींपैकी एक आहे. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो. तिथे असतात सैल, जाळीदार ऊती. त्यामुळे शरीरात थोडे पाणी जास्त साठले तरी ते मांडीत किंवा पाठीत कळत नाही, पापणीत मात्र लगेच दिसते. दिवसा माणूस उभा किंवा बसलेला असतो, म्हणून हे पाणी पायांकडे उतरते. शिवाय पापण्यांची सतत उघडझाप चालू असल्याने तिथला द्रव पुढे ढकलला जातो. रात्री आडवे झाल्यावर दोन्ही गोष्टी थांबतात. निरोगी माणसाच्या पापण्याही उठल्यावर किंचित जड वाटतात त्या यामुळेच, आणि तास-दोन तासांत त्या पूर्ववत होतात. सूज नेहमीपेक्षा जास्त असेल तर ती किती वेळ टिकते आणि तिच्यासोबत खाज आहे का, या दोन प्रश्नांवरून कारणाचा बराच अंदाज येतो.

खाज नसेल आणि सूज दुपारच्या आत ओसरत असेल तर आदल्या रात्रीचे जेवण आठवून पाहावे. शरीरातील द्रवात लिटरमागे सुमारे 9 ग्रॅम मीठ असते आणि हे प्रमाण शरीर कसोशीने राखते. म्हणजे गरजेपेक्षा साडेचार ग्रॅम, साधारण एक लहान चमचा, मीठ जास्त पोटात गेले, की ते बाहेर पडेपर्यंत जवळपास अर्धा लिटर पाणी अंगात अडकून राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. पापड, लोणचे, फरसाण, पाकिटातले नूडल्स यांतले मीठ जिभेला वाटते त्याहून बरेच जास्त असते. हे पदार्थ उशिराच्या जेवणात आले की मूत्रपिंडांना काम उरकायला वेळच मिळत नाही. मद्य, झोपण्यापूर्वीचे रडणे आणि पालथे झोपणे यांचाही परिणाम असाच दिसतो. जागरणाने डोळे लाल होतात, खालची त्वचा निस्तेज व काळसर दिसते आणि त्यामुळे असलेली सूज अधिक उठून दिसते. अशा वेळी उशाशी आणखी एक उशी घेणे आणि सकाळी गार पाण्यात भिजवलेला रुमाल दहा मिनिटे डोळ्यांवर ठेवणे पुरेसे ठरते.

खाज असेल तर आधी ॲलर्जीचा विचार करावा. अंथरुणातील धुळीत राहणारे सूक्ष्म किडे हे याचे फार नेहमीचे कारण. दमट हवेत ते वाढतात, त्यामुळे कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात त्रास अधिक. उशीला तोंड लावून सात-आठ तास काढल्यावर डोळे खाजतात, चोळले जातात आणि चोळल्याने आणखी सुजतात. उशांचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला 60 अंश तापमानाच्या पाण्यात धुतल्यास हे किडे मरतात.

दुसरे कारण मात्र बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. समजा, चाळिशीतील एका बाईंच्या पापण्या महिन्यातून एकदा, सोमवारी सकाळी सुजतात, खाजतात आणि चार दिवसांनी तिथली त्वचा कोरडी होऊन सोलवटते. संशय रविवारच्या जेवणावर जातो. पण शनिवारी त्या केसांना कलप लावतात. काळ्या कलपातील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते. डोक्याची कातडी जाड असल्याने तिथे थोडीशीच खाज येते किंवा काहीच जाणवत नाही, पातळ पापणीवर मात्र ती ठळक दिसते. नेलपॉलिशचेही तसेच, कारण बोटे दिवसभर डोळ्यांकडे जात असतात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात. कलप एकदा वगळून पाहिला तरी बरेच कळते. स्टेरॉइडचे थेंब मात्र दुकानातून परस्पर आणू नयेत, कारण ते फार दिवस वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

काही वेळा सूज दुपारीही उतरत नाही. खालच्या पापणीतील फुगवटा वर्षानुवर्षे तसाच असेल तर ती वयानुसार पुढे आलेली चरबी असते, आणि गार रुमालाने ती कमी होत नाही. चेहराही फुगलेला, थंडी सोसत नाही, वजन वाढते आणि बद्धकोष्ठता आहे, असे असल्यास थायरॉइडची रक्ततपासणी करावी. सकाळी पापण्या, संध्याकाळी पाय सुजत असतील आणि लघवीला फेस येत असेल तर मूत्रपिंडातून प्रथिने गळत असण्याची शक्यता असते. लघवीच्या साध्या तपासणीत हे समजते आणि ती त्याच आठवड्यात करून घ्यावी.

एकाच डोळ्याची पापणी लाल, गरम व दुखरी झाली, ताप आला, डोळा फिरवताना वेदना झाल्या किंवा एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, तर तो डोळ्याच्या खोबणीतील जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. पापण्यांबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडखळू लागला, तर तेवढाही वेळ घालवता येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, त्या अनेक महिने सुरळीत चालू असतानाही, असे घडू शकते.