कामाची पत्रं (लेखांक ७) : पैसे कापले, नोटा आल्याच नाहीत

गेल्या आठवड्यात खातेदाराचं तक्रारपत्र पाहिलं. आज टेबलाच्या पलीकडे, शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसू. उदाहरणादाखल एक प्रकरण रचून घेऊ. ३ जूनला खातेदाराने बँकेच्याच एटीएममधून ५,००० रुपये काढायला घेतले. आत नोटा मोजल्याचा आवाज झाला, पण झडप काही उघडली नाही. खात्यातून रक्कम मात्र वजा झाली. ती परत मिळाली ११ जूनला.

अशा वेळी शाखेतून ठरलेलं पत्र जातं : ‘तांत्रिक कारणास्तव झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ क्षमा तीन ठिकाणी मागितलेली असते, कारण एकदाही सांगितलेलं नसतं. दुसरा मोह रोकड भरणाऱ्या एजन्सीवर ढकलण्याचा. एजन्सीने मोजणी उशिरा केली हे खरंही असेल. पण तिला नेमलं बँकेने, खातेदाराचा तिच्याशी काय संबंध?

मी मसुदा असा करेन :

‘दि. ३ जून रोजी नोटा यंत्रात अडकल्या आणि आतल्या बाद नोटांच्या पेटीत पडल्या. यंत्राच्या नोंदीत मात्र व्यवहार पूर्ण झाल्याचे उमटले, म्हणून रक्कम आपोआप परत जमा झाली नाही. १० जूनला यंत्रातली रोकड मोजली तेव्हा ५,००० रुपये जास्त निघाले. ११ जूनला ते आपल्या खात्यात जमा केले. आपण ४ जूनलाच तक्रार दिली होती. तेव्हाच मोजणी करून घ्यायला हवी होती, ती आम्ही करून घेतली नाही. या विलंबाबद्दल दिलगीर आहोत. ८ जूननंतरच्या तीन दिवसांची, रोज १०० रुपयांप्रमाणे ३०० रुपये भरपाई जमा केली आहे.’

दिलगिरी एकदाच, आणि तीही नोटा अडकल्याबद्दल नाही. यंत्रात नोटा अडकतातच. चूक झाली ती तक्रार आल्यावर सहा दिवस पेटी न उघडण्यात. ही दोन वाक्यं वेगळी ठेवली की खातेदाराला नेमकं कुठे बिनसलं ते कळतं.

३०० रुपयांपुढे ‘सदिच्छा म्हणून’ असं लिहिण्याची हौस आवरा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत करायची असते. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही खातेदाराने मागण्याची वाट न पाहता. हक्काच्या पैशाला सदिच्छा म्हटलं, की परिपत्रक वाचलेला खातेदार उरलेल्या पत्रावरही विश्वास ठेवत नाही.

आणि मोजणी व्हायच्या आधीच उत्तर द्यायचं असेल, तर कारणाचा अंदाज लिहू नये. मोजणी कोणत्या तारखेला होणार आणि त्यानंतर कोण कळवणार, एवढं पुरे. अंदाज चुकला तर दुसरं पत्र लिहावं लागतं, आणि ते पहिल्याहून अवघड असतं.